कुठलंही काम चालेल

रेडिंगमधल्या आमच्या मराठी मंडळींच्या ग्रुपवर दर उन्हाळ्यात एक निरोप येतो. लिहिणारी बाई दर वेळी वेगळी, मजकूर बहुधा तोच. "नमस्कार, आम्ही नुकतेच इथे राहायला आलो आहोत. मिस्टरांना इथे नोकरी लागली, मी डिपेंडंट व्हिसावर आले आहे. शिक्षण अमुक, अनुभव इतका. कुणाच्या माहितीत काही काम असेल तर प्लीज कळवा. कुठलंही काम चालेल." निरोप बहुतेक सकाळी दहाच्या सुमाराला पडतो. नवरा ऑफिसला गेलेला असतो, ओटा आवरून झालेला असतो. तिकडे घरी दुपारचे अडीच वाजलेले असतात, म्हणजे आई जरा आडवी झालेली असते. फोन करायला कुणी नाही, अशी ती वेळ.

हे निरोप मी मनापासून वाचते. बऱ्याच वर्षांपूर्वी मीही अशीच नवऱ्यामागून इथे आले, आणि आता एका माध्यमिक शाळेच्या कार्यालयात नोकरी करते. नव्याने लागणाऱ्या माणसांची कागदपत्रं तपासायचं काम माझ्याकडे आहे. त्यामुळे हा निरोप मला दोन्ही बाजूंनी वाचता येतो, लिहिणारीच्या आणि काम देणाऱ्याच्याही. 'कुठलंही काम चालेल' हे ती नम्रपणे लिहिते, गरजेपोटी लिहिते, आणि आपण जड होऊ नये म्हणूनही लिहिते. पण वाचणारा मदत करायला उत्सुक असला तरी या वाक्यापाशी अडतो. त्याला करता येण्याजोगं नेमकं काहीच त्यात नसतं. मग तो जोडलेल्या हातांचं चित्र टाकतो, 'ऑल द बेस्ट' म्हणतो, आणि दुपारपर्यंत निरोप वर सरकून जातो.

आधी त्या व्हिसाबद्दल बोलायला हवं, कारण निम्मा घोळ तिथेच आहे. आपल्याकडे नोकरदाराची बायको परदेशी गेली की सगळ्यांना अमेरिका आठवते. तिथे एच-वन-बी वाल्याच्या जोडीदाराला एच-फोर मिळतो आणि एच-फोरवर साधारणपणे नोकरी करता येत नाही. मे २०१५ पासून त्यातल्या काहींना कामाचा परवाना मिळू लागला, पण मुख्यतः जोडीदाराच्या ग्रीन कार्डची पहिली मोठी पायरी मंजूर झाली असेल तरच. पुण्या-नाशकातल्या कितीतरी घरांनी इंजिनिअर झालेल्या लेकी-सुना तिकडे वर्षानुवर्षं घरी बसलेल्या पाहिल्या आहेत. ती भीती सामानाबरोबर इथेही येते.

ब्रिटनमध्ये गोष्ट वेगळी आहे. स्किल्ड वर्कर व्हिसावर आलेल्या माणसाची बायको किंवा नवरा इथे जवळजवळ कुठलीही नोकरी करू शकतो. एक करो, दोन करो, पूर्ण वेळ करो, स्वतःचा व्यवसाय काढो, कुणाची परवानगी लागत नाही. मनाई आहे ती व्यावसायिक खेळाडू किंवा खेळाचा प्रशिक्षक म्हणून काम करायला. सरकारी भत्ते मिळत नाहीत, ते मिळायची अपेक्षाही कुणी ठेवलेली नसते. याउलट ज्याच्या नावावर सगळं कुटुंब आलं, तो नवरा मात्र ज्या कंपनीने प्रायोजकत्व दिलं तिथल्या ठरलेल्या कामाला बांधलेला असतो. दुसऱ्या कंपनीत जायचं तर नव्याने अर्ज, जोडकाम करायचं तर आठवड्याला वीस तासांची मर्यादा आणि वर अटी. कामाच्या बाजारात त्या घरातली जास्त मोकळी व्यक्ती तीच असते. हे तिला ठाऊक नसतं, आणि बऱ्याचदा त्यालाही नसतं.

तिच्या मोकळेपणाला एक दोरी आहे. तिचा व्हिसा त्याच्या व्हिसाच्या तारखेला संपतो. त्याची नोकरी गेली, तर गृहखातं दोघांचीही मुदत कापतं आणि नवी सोय लावायला साधारण साठ दिवस देतं. तोवर तिला चांगली नोकरी लागलेली असली, तरी त्या नोकरीमुळे ती आपोआप थांबू शकत नाही. या साठ दिवसांची धास्ती आयटीतल्या घरांत सतत असते. शिवाय येण्याआधीच बरीच पुंजी खर्च झालेली असते. आरोग्य सेवेचा अधिभार म्हणून मोठ्या माणसामागे वर्षाला १,०३५ पौंड भरावे लागतात, आणि तेही व्हिसाच्या सगळ्या वर्षांचे एकदम. तीन वर्षांचा व्हिसा असेल तर एका माणसाचे ३,१०५ पौंड, म्हणजे तीन लाख रुपयांच्या वर. व्हिसाची फी निराळी, घराची अनामत निराळी. 'कुठलंही काम चालेल' यामागे हा हिशेब असतो.

आता काम देणाऱ्याच्या खुर्चीत बसून बघा. ज्याला कामाचा हक्क नाही अशा माणसाला कामावर ठेवलं, तर मालकाला पहिल्याच खेपेला माणशी ४५,००० पौंडांपर्यंत दंड होऊ शकतो. फेब्रुवारी २०२४ मध्ये ही रक्कम वाढवली गेली. छोट्या दुकानदाराचं त्यात दिवाळं निघेल. म्हणून 'डिपेंडंट व्हिसा' ही अक्षरं दिसली की नियम न जाणणारा मालक नुसता घाबरतो. त्याला वाटतं, हिला प्रायोजकत्व द्यावं लागेल, वकील लागेल, खर्च येईल. अर्जातच प्रश्न असतो, तुम्हाला प्रायोजकत्वाची गरज आहे का. त्याचं खरं उत्तर 'नाही' आहे. ते न कळल्यामुळे कित्येक जणी 'हो' वर खूण करतात, आणि तो अर्ज माणसाच्या नजरेला पडण्याआधीच बाजूला पडतो.

माझ्या टेबलावर ही तपासणी दहा मिनिटांची असते. उमेदवार आपल्या ऑनलाइन खात्यातून शेअर कोड काढून देतो, नऊ अक्षरांचा. कामासाठीचा कोड इंग्रजी डब्ल्यूने सुरू होतो आणि नव्वद दिवस चालतो. मी सरकारी पानावर तो कोड आणि जन्मतारीख घालते. समोर फोटो येतो, हक्क कोणता आणि कधीपर्यंत ते येतं. फोटोतला चेहरा आणि समोरचा चेहरा एकच आहे ना हे पाहते, पान साठवते, मुदत संपायच्या आधी पुन्हा तपासायची तारीख डायरीत लिहिते. एवढं केलं की मालकावरची जबाबदारी पार पडते. पूर्वी गुलाबीसर प्लास्टिकचं कार्ड असे. ऑक्टोबर २०२४ नंतर नवी कार्डं निघणं थांबलं, आता सगळं त्या खात्यात. म्हणून मी नव्या मुलींना सांगते की नोकरी शोधायच्या आधी ते खातं उघडून आपला कोड निघतो का ते बघा. पासपोर्टचा नंबर चुकीचा पडलेला असतो, मधलं नाव आणि आडनाव एकत्र झालेलं असतं. आपली वडिलांचं किंवा नवऱ्याचं नाव मध्ये घालायची पद्धत या संगणकांना नीट उमजत नाही. नोकरी हातात आल्यावर हे निस्तरत बसण्यापेक्षा आधीच निस्तरलेलं बरं.

गेल्या वर्षी जूनमध्ये आलेल्या एका मुलीची गोष्ट सांगते. तिचा निरोप वर लिहिला तसाच होता. नाशिकच्या एका अनुदानित शाळेत नऊ वर्षं आठवी ते दहावीला गणित शिकवलेलं. एम.एस्सी., बी.एड. चार वर्षांची मुलगी. नवरा आयटीत. निरोप टाकला त्या दिवशी तिला तीन उत्तरं मिळाली. एकाने गोदामातल्या रात्रपाळीची माहिती दिली. प्रामाणिक माहिती होती, पण गोदाम शहराबाहेर, पाळी रात्री दहा ते सकाळी सहा, आणि घरी लहान मूल. एका ताईंनी सुचवलं की घरीच दोन-तीन मुलं सांभाळ. सूचना मायेची होती, पण इथे आठ वर्षांखालची परकी मुलं पैसे घेऊन घरी दिवसाला दोन तासांपेक्षा जास्त सांभाळायची, तर आधी ऑफस्टेड या सरकारी यंत्रणेकडे किंवा मान्यताप्राप्त संस्थेकडे नोंदणी लागते. नोंदणीशिवाय केलं तर तो गुन्हा ठरतो. आणि तिसरं उत्तर खासगीत आलं. कुणी अनोळखी माणूस म्हणाला, शाळेत नोकरी नक्की लावून देतो, नोंदणी, प्रशिक्षण आणि पोलीस तपासणीचे मिळून १८० पौंड या खात्यावर भरा.

तो तिसरा निरोप घेऊन ती माझ्याकडे आली. "ताई, एवढे पैसे देऊन नोकरी मिळत असेल तर हे भरू म्हणतायत," ती म्हणाली. मी तिला आधी बसवलं, पोरीच्या हातात बिस्कीट दिलं, आणि म्हटलं, "अगं, काम शोधून देण्याबद्दल उमेदवाराकडून पैसे घ्यायला या देशात कायद्याने बंदी आहे. १९७३ चा कायदाच आहे तसा." सिनेमा-मॉडेलिंगसारखे थोडे अपवाद सोडले तर एजन्सीने पैसे घ्यायचे ते मालकाकडून. शाळेत काम करायचं तर डीबीएस नावाची वरच्या दर्जाची तपासणी लागते हे खरं. तिची सरकारी फी डिसेंबर २०२४ पासून ४९.५० पौंड आहे, आणि काही एजन्सी ती उमेदवाराला भरायला लावतात हेही खरं. पण शाळेतल्या नोकरीसाठी ही तपासणी कुणाला आपली आपण करून घेता येत नाही, आणि परक्याच्या खात्यावर पैसे भरूनही होत नाही. जिथे काम करणार ती शाळा किंवा एजन्सीच तो अर्ज पाठवते, मूळ कागद डोळ्यांनी बघून. जो माणूस तुमचा पासपोर्ट न बघता तपासणीचे पैसे मागतो, तो तपासणी करणारा नाही, इतकं सरळ ओळखता येतं. राष्ट्रीय विमा क्रमांकाचंही असंच. तो ऑनलाइन अर्ज करून फुकट मिळतो, आणि कामाचा हक्क सिद्ध झाला असेल तर तो हातात यायच्या आधीही काम सुरू करता येतं. तरी दर वर्षी कुणीतरी तो 'काढून देतो' म्हणून नव्या माणसांकडून पैसे उकळतं. मला या लोकांचा फार राग येतो. आपल्याच भाषेत गोड बोलून ते आपल्याच लेकींना लुटतात.

मग मी तिला विचारलं की शाळेत अर्ज का नाही केलेस. ती म्हणाली, "केले ना ताई. पंधरा दिवसांत कितीतरी शाळांना ईमेल पाठवले. एकाही शाळेने उत्तर दिलं नाही. इथल्या बी.एड.शिवाय घेत नसतील." तिचा निष्कर्ष चुकीचा होता, आणि तो चुकीचा का हे बाहेरच्या माणसाला कळायला काही मार्ग नाही. इंग्लंडमधल्या सरकारी शाळांत शिक्षकांनी राजीनामा द्यायच्या ठरलेल्या तारखा आहेत. उन्हाळ्याच्या शेवटी, म्हणजे ३१ ऑगस्टला जायचं असेल तर ३१ मेच्या आत कळवावं लागतं. नाताळला सोडायचं तर ३१ ऑक्टोबरच्या आत, वसंतात सोडायचं तर फेब्रुवारी संपायच्या आत. त्यामुळे सप्टेंबरच्या जागांच्या जाहिराती फेब्रुवारीपासून मेपर्यंत येतात आणि जूनच्या अखेरीला बहुतेक जागा भरलेल्या असतात. तिचे ईमेल त्यानंतर, अगदी सुट्टीच्या तोंडावर पोचले. जुलैच्या तिसऱ्या-चौथ्या आठवड्यात शाळा बंद होतात, आणि ऑगस्टभर आमच्या कार्यालयात फोनही क्वचितच वाजतो. तिला नाकारलं नव्हतं कुणी. तिचा अर्ज उघडायला सुट्टीत कुणी जागेवरच नव्हतं.

हे ऐकून ती जराशी रडली. मला वाटतं सुटल्यासारखं वाटून असेल.

त्या दिवशी आम्ही स्वयंपाकघरातल्या टेबलावर तिचे कागद मांडले. पदवी, पदव्युत्तर, बी.एड., गुणपत्रिका, शाळेचं अनुभव प्रमाणपत्र, सगळं नीट फाइलमध्ये. मराठी शिक्षिकेची फाइल जशी असावी तशी. नव्हत्या त्या दोन गोष्टी, आणि दोन्ही निघण्याआधी मिळवणं सोपं गेलं असतं. पहिली म्हणजे भारतातल्या पोलिसांचा दाखला, पीसीसी. मूल शिकवायला देताना इथल्या शाळेला उमेदवार आधी जिथे राहिला तिथलीही खात्री करावी लागते, आणि डीबीएसला फक्त इथल्याच नोंदी दिसतात. इथून भारतीय उच्चायुक्तालयामार्फत तो मागवता येतो, वेळ मात्र जातो. दुसरी म्हणजे शिफारस. आपल्याकडे नोकरी सोडताना कागदावर प्रमाणपत्र मिळतं आणि ते पुरतं. इथे शाळा तुमच्या हातातला कागद मानत नाही, ती आधीच्या मुख्याध्यापकांना स्वतः लिहून विचारते, मुलांच्या सुरक्षिततेबद्दल काही तक्रार होती का हेही विचारते, आणि उत्तर संस्थेच्या ईमेलवरूनच यावं असा आग्रह धरते. तिच्या मुख्याध्यापकांचा ईमेल साधा, स्वतःच्या नावाचा होता. अशा ईमेलवरून आलेली शिफारस मी स्वतः परत पाठवली असती. शेवटी संस्थेच्या कार्यालयाचा एक अधिकृत ईमेल निघाला. सरांना तिने फोन करून सगळं समजावलं, आणि सरांनी दोन परिच्छेदांचं सुंदर पत्र लिहून त्या ईमेलवरून पाठवण्याची व्यवस्था केली. त्या पत्रात दहावीच्या निकालाबरोबरच, नापास होण्याच्या काठावरच्या मुलांना ती शाळा सुटल्यावर थांबवून शिकवायची, हेही होतं. इथल्या शाळेला त्या एका वाक्याचं मोल फार.

पात्रतेचं सांगायचं तर फेब्रुवारी २०२३ पासून इंग्लंडने आणखी काही देशांच्या शिक्षकांना आपली क्यूटीएस ही शिक्षक-मान्यता थेट अर्जावर द्यायला सुरुवात केली, आणि त्यांत भारत आहे. पण भारताला ती सरसकट नाही. अकरा ते सोळा वयाच्या मुलांना गणित, विज्ञान किंवा परकीय भाषा शिकवण्यासाठी प्रशिक्षित असाल तरच. अर्जाला पैसे पडत नाहीत. पदवी, शिक्षक-प्रशिक्षण, शिकवल्याचा अनुभव, आणि आपल्यावर कुठली बंदी नाही याचा पुरावा लागतो. हिचं गणित होतं, म्हणून दार उघडं. त्याच वर्षी आलेल्या दुसऱ्या एका बाई इतिहास शिकवायच्या, पंधरा वर्षांचा अनुभव, बोलायला लागल्या की ऐकत राहावं अशा. त्यांना हा रस्ता नाही. हा नियम त्यांच्या गुणांचं माप नाही, इथे ज्या विषयांना माणसं मिळत नाहीत त्या विषयांची ती यादी आहे. तरीही त्यांच्या तोंडावर ते सांगताना मला जड गेलं. परदेशात प्रशिक्षण झालेल्या शिक्षकाला क्यूटीएसशिवाय चार वर्षांपर्यंत इथल्या शाळेत शिकवता येतं, एवढा आधार त्यांना देता आला.

सप्टेंबरमध्ये नाशिकच्या त्या मुलीची लेक शाळेत जायला लागली आणि हिने एका एजन्सीत नाव नोंदवलं. एजन्सीने डीबीएस केली. प्रमाणपत्रावरच्या तारखेपासून तीस दिवसांच्या आत अपडेट सर्व्हिस नावाच्या सेवेत नोंद केली तर तेच प्रमाणपत्र पुढच्या शाळेलाही तपासून घेता येतं, नाहीतर प्रत्येक ठिकाणी पुन्हा पहिल्यापासून. वर्षाला सोळा पौंडांत ते होतं, आणि तीस दिवस उलटले की त्या प्रमाणपत्राची संधी गेली. ही तारीख मी तिच्या फ्रिजवर लिहून आले होते.

पहिलं काम मिळालं ते शिक्षक-सहायकाचं, एका कच्च्या वर्गात. पगाराचा आकडा जाहिरातीत पाहून ती खूश झाली होती, आणि तो आकडा समजावणं मला भाग पडलं. जाहिरातीत लिहिलेला असतो तो वर्षभर पूर्ण वेळ काम केलं तर मिळणारा पगार. सहायकाला शाळा चालू असते तेवढ्याच आठवड्यांचा, साधारण एकोणचाळीस, त्यांवरच्या रजेचा, आणि तेवढ्याच तासांचा पैसा मिळतो, तो बारा महिन्यांत वाटून. हातात येते ती रक्कम बरीच कमी. राहत्या खर्चाचं गणित मांडायचं ते त्या रकमेवर. पण तिच्या मुलीच्या शाळेच्या वेळा आणि हिच्या कामाच्या वेळा जुळत होत्या. मुलीला शाळेनंतर सांभाळायला ठेवायचे पैसे वाचले, आणि हिशेब बसला.

त्या वर्गातल्या गोष्टी ती मला सांगायची तेव्हा तिचा आवाजच बदलायचा. आपण भागाकार मांडतो तशी मांडणी तिने एका मुलाला दाखवली, तर तो गोंधळला. इथे आखूड भागाकाराला 'बस स्टॉप' पद्धत म्हणतात, भाज्य छपराखाली उभा. पाढे इथे बारा बारे एकशे चव्वेचाळीसपर्यंतच. चौथीच्या वर्षी मुलांची त्याची सरकारी परीक्षा असते. ती स्वतः तीसपर्यंत म्हणत मोठी झालेली. तिने पाढ्यांची बढाई मिरवली नाही. वहीत पायऱ्या दाखवल्या नाहीत तर उत्तर बरोबर असूनही गुण जाऊ शकतात, हे तिला नाशकातही मुलांच्या गळी उतरवावं लागे, ते तिने इथे लगेच धरलं. अवघड गेलं ते बोलणं. पहिले काही आठवडे पोरं तिच्या उच्चारांना हसली. आणि तिच्या कानालाही बर्कशरमधल्या तेरा वर्षांच्या मुलांचं गिळून टाकलेलं बोलणं कळेना. घरी येऊन ती त्यांची वाक्यं वहीत लिहून काढायची. ही मेहनत कुठल्या अर्जात दिसत नाही.

सगळ्यांचा रस्ता इतका सरळ नसतो, हे इथे सांगायला हवं. दंतवैद्य झालेल्या मुलीला इथल्या परिषदेच्या परीक्षा दिल्याशिवाय दातांना हात लावता येत नाही. दरम्यान कित्येक जणी डेंटल नर्स म्हणून प्रशिक्षणार्थी राहतात आणि ज्याला आपण शिकवू शकलो असतो त्याच्या शेजारी उभ्या राहून हत्यारं देतात. वकील झालेल्या मुलीला पुन्हा परीक्षा. आणि कोठारात, दुकानात, कॉफी करत काही महिने काढणाऱ्या मुलीही खूप आहेत. तासाचं किमान वेतन, जे एप्रिल २०२५ मध्ये एकवीस आणि त्यावरच्या वयाला १२.२१ पौंड होतं, ते मिळायलाच हवं, आणि दर वेळी पगाराची चिठ्ठी मिळायला हवी. ती चिठ्ठी न देता हातात रोख टेकवणारा मालक गोड बोलला तरी तिथे थांबू नये, कारण उद्या कुणी विचारलं तर आपण काम केल्याचा पुरावाच नसतो. कुठल्याही कामाला मी कमी म्हणणार नाही. पण वर्षभर ते करता करता मूळ कामाचा अनुभव जुना होत जातो, शिफारस देणारे सर निवृत्त होतात, आणि अर्जातली मोकळी जागा मोठी होत जाते. म्हणून कॉफीचं काम करणाऱ्या मुलीलाही मी म्हणते की मूळ कामाचे कागद त्याच महिन्यात चालू कर.

फेब्रुवारीत तिच्या नवऱ्याच्या कंपनीत माणसं कमी करायची भाषा सुरू झाली. त्या आठवड्यात दोघंही माझ्याकडे आली. नवरा फार शांत होता, आणि ती त्याच्याकडे बघत होती. साठ दिवसांबद्दल आम्ही बोललो. तेव्हा मी त्यांना ती गोष्ट सांगितली जी फार थोड्या जोडप्यांच्या डोक्यात येते. माध्यमिक शाळेतला शिक्षक हा स्किल्ड वर्कर व्हिसाच्या यादीत बसतो आणि त्याचा पगार राष्ट्रीय वेतनश्रेणीवर मोजतात. प्रायोजकत्वाचा परवाना असलेल्या शाळेने तिला गणिताच्या शिक्षिकेची जागा दिली, तर ती स्वतःच्या नावावर व्हिसा मागू शकते, आणि नवरा-मुलगी तिच्याबरोबर राहू शकतात. प्रत्येक शाळेकडे तो परवाना नसतो. सरकारी वेबसाइटवर परवाना असलेल्या संस्थांची उघडी यादी आहे, तिच्यात नाव शोधायचं. नवऱ्याने तिथेच फोनवर ती यादी उघडली आणि रेडिंगपासून पस्तीस मिनिटांच्या आतल्या शाळा तिच्यात शोधायला सुरुवात केली. "हिच्या शाळेचं आधी बघू," तो म्हणाला.

क्यूटीएस मार्चमध्ये आलं. आता जाहिरातींचा हंगाम होता. तिने थोडेच अर्ज केले आणि प्रत्येक अर्जात शाळेने मागितलेल्या एकेका गुणापुढे नाशिकमधला किंवा इथला एकेक खरा प्रसंग लिहिला. एप्रिलच्या शेवटी मुलाखतीला बोलावणं आलं. इथे शिक्षकाची मुलाखत दिवसभर चालते. आधी अनोळखी मुलांना अर्ध्या तासाचा धडा शिकवायचा, मागे दोघं वही घेऊन बसतात. मग मुलांचाच एक गट उमेदवाराला प्रश्न विचारतो. जेवणाच्या सुट्टीत काही उमेदवारांना धन्यवाद म्हणून घरी पाठवतात. हिला आठवीच्या वर्गाला गुणोत्तर शिकवायचं होतं. एक मुलगा उत्तर देईना, तेव्हा तिने त्याला न हिणवता शेजारच्याबरोबर विचार करायला एक मिनिट दिलं आणि पुन्हा त्याच्याकडेच आली. नंतर कळलं की मागे बसलेल्या बाईंनी तेवढंच वहीत लिहून घेतलं होतं.

संध्याकाळी मुख्याध्यापिकांचा फोन येतो आणि जागा देऊ केली तर हो की नाही हे बहुधा तिथल्या तिथे सांगावं लागतं. पगाराचं बोलायचं तेही त्याच फोनवर. मुख्य वेतनश्रेणीत एम-वनपासून एम-सिक्सपर्यंत पायऱ्या आहेत, आणि परदेशातली वर्षं किती धरायची हे शाळा ठरवते. न विचारणारीला बहुतेक पहिल्या पायरीवर बसवतात. आम्ही दोघींनी ते वाक्य आधी पाठ केलं होतं. फोन आला तेव्हा ती भाजी चिरत होती. तिने आधी आभार मानले, मग म्हणाली, "मी नऊ वर्षं या वयाच्या मुलांना गणित शिकवलं आहे, शिफारसपत्रात ते आहे. मला एम-फोरवर घ्यावं अशी विनंती आहे." पलीकडून उद्या कळवते असं उत्तर आलं. रात्रभर तिला झोप नव्हती, सकाळी सातला तिने मला फोन केला, ताई जास्त मागितलं का मी. मी म्हटलं, नाही. अकरा वाजता ईमेल आला, एम-फोर, एक सप्टेंबरपासून, कायम जागा. पहिल्याच ओळीत शाळेने तिच्याकडे शेअर कोड मागितला होता.